हेडलाइटचा बल्ब बदलताना: काचेला बोट लागू न देता, आणि मागचा रबरी बूट पाणी शिरणार नाही असा बसवून

गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बदलायला वीस मिनिटं पुरतात. तरीही कधी नवा बल्ब महिना-दोन महिन्यांत जातो, तर कधी पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेच्या आतून थेंब लोंबायला लागतात. पहिल्या तक्रारीमागे बऱ्याचदा बल्बच्या काचेला लागलेला हात असतो आणि दुसरीमागे अर्धवट बसलेलं मागचं रबरी कव्हर, ज्याला गॅरेजवाले ‘बूट’ म्हणतात. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींसाठी आहे.

उदाहरण ठरवून घेऊ. जिंतूरहून परभणीला रात्री येताना गाडीचा डावा डिपर बंद पडला. त्याच बाजूचा अप्पर लागतो, उजव्या बाजूचं सगळं चालू आहे. गाडी वॅगन-आर किंवा आल्टोसारखी आहे, म्हणजे डिपर-अप्पर एकाच बल्बमध्ये, मागे तीन पिना आणि त्यावर काळा रबरी बूट. या बल्बला एच-४ म्हणतात. डिपर आणि अप्परला वेगवेगळे बल्ब असलेल्या गाड्यांत मागची झाकणं वेगळी असतात. त्यांच्याबद्दल पाचव्या पायरीच्या शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

लागणारं सामान

- त्याच नंबरचा नवा बल्ब: एच-४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट
- पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे किंवा धुतलेले, कोरडे सुती हातमोजे
- आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मिळतं) आणि साधा टिश्यू पेपर
- मऊ ब्रश, कोरडं फडकं, टॉर्च आणि छोटा आरसा
- डोळ्यांसाठी साधा चष्मा किंवा गॉगल
- जुना बूट कडक झाला असेल तर त्याच मॉडेलचा नवा बूट

## १. बल्बच गेला आहे याची खात्री करा आणि दुकानात पाकीट वाचून घ्या

डावा डिपर बंद आणि डावा अप्पर चालू, म्हणजे बल्बमधली एकच तार तुटली असण्याची शक्यता जास्त. एच-४ मध्ये दोन तारा असतात. टोकाकडची, खाली पत्र्याची छोटी वाटी असलेली तार डिपरची आणि बुडाकडची अप्परची. आपल्याकडे डिपरच जास्त वेळ चालतो, म्हणून आधी तोच जातो. एका बाजूचे दोन्ही बंद असतील तर बल्ब घेण्याआधी फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज असतात.

दुकानात तीन ठिकाणी फसगत होते. हायवेलगतच्या दुकानांत ट्रकचा माल जास्त असतो आणि ट्रकचा एच-४ चोवीस व्होल्टचा येतो. तो कारला बसतो, पण पिवळट, मंद जळतो. दुचाकीचा ३५/३५ वॅटचा बल्बही दिसायला जवळपास तसाच असतो. म्हणून पाकिटावर आणि बल्बच्या पत्र्याच्या चकतीवर छापलेलं वाचा.

तिसरी फसगत मोहाची आहे: १००/९० वॅटचा बल्ब. पंचावन्न वॅटच्या डिपरला बारा व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर करंट लागतो, नव्वद वॅटला साडेसात. तेवढ्यासाठी कंपनीची वायर आणि होल्डर बनवलेले नसतात. होल्डर तपकिरी होतो, मग वितळतो, आणि त्या उष्णतेने मागचा रबरी बूटही कडक होऊन तडकतो. म्हणजे जास्त उजेडाच्या नादात पाणी शिरायला वाट आपणच करून देतो. समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत वेगळाच. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा जास्त उजेड हवासा वाटतो हे खरं. पण त्यासाठी हेडलाइटची काच आणि सेटिंग दुरुस्त करून घेणं हा सरळ उपाय आहे.

## २. वेळ आणि जागा ठरवा, मागची धूळ आधी झाडा

लाइट बंद, चावी बाहेर, आणि निदान वीस मिनिटं थांबा. नुकताच विझवलेला बल्ब हात भाजण्याइतका तापलेला असतो.

एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी लवकर उरका. दुपारच्या बेचाळीस अंशांत बोनेटखाली वाकलं की कपाळावरचा घाम टपकतो, आणि तो नेमका नव्या बल्बवर पडला तर हातमोज्यांचा उपयोग काय? पावसाळ्यात मात्र उघडीप पाहून, छपराखाली करा.

बोनेट उघडल्यावर लगेच बूट ओढू नका. आपल्या भागातली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि हेडलाइटच्या मागच्या बाजूला तिचा थर बसतो. तो तसाच ठेवून बूट काढला की धूळ थेट आत, आरशासारख्या चकचकीत रिफ्लेक्टरवर पडते. तिथून ती पुसून काढता येत नाही, कारण त्यावरचा चंदेरी मुलामा नुसत्या फडक्यानेही ओरखडतो. म्हणून आधी बुटाभोवतीची सगळी जागा ब्रशने झाडा, कोरड्या फडक्याने पुसा. पाणी मारू नका.

काही गाड्यांत बॅटरी किंवा एअर फिल्टरचा पाइप आड येतो. बॅटरी हलवावी लागली तर आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडा, लावताना ते शेवटी लावा.

## ३. होल्डर, बूट, क्लिप: याच क्रमाने काढा

तीन पिनांचा होल्डर पकडून सरळ मागे ओढा. वायरला ओढायचं नाही. घट्ट असेल तर डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत काढा. काढल्यावर तो टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. एखाद्या पिनेजवळ प्लास्टिक तपकिरी किंवा वितळल्यासारखं असेल तर होल्डरही बदलावा लागेल, नाहीतर सैल जोड पुन्हा तापतो आणि नवा बल्ब लुकलुकतो.

आता बूट. त्याच्या कडेला ओढायला एक छोटं रबरी कान असतं, ते धरून सोडवा. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, त्यानेच कडा फाटते. बूट काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. ‘टॉप’ असं लिहिलेली बाजू किंवा बाण कुठे होता, हे नंतर त्यावरून कळतं.

आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसेल. तिचं मोकळं टोक पुढे दाबून बाजूला सरकवलं की ते खाचेतून सुटतं आणि क्लिप बिजागरीसारखी फिरते. क्लिप कशी अडकली होती याचाही फोटो काढा, कारण आंधळेपणाने ती परत लावताना बरेच जण इथेच अडतात. मग जुना बल्ब चकतीला धरून सरळ मागे काढा. त्याची काच काळी पडलेली असेल तर तो वयाने गेला. आत पांढरी भुकटी दिसली तर काचेला चीर पडून हवा शिरली आहे.

जुना बल्बही आपटू नका. हॅलोजन बल्बमध्ये वायू दाबाने भरलेला असतो आणि फुटला तर काचेचे कण उडतात. गॉगल त्यासाठीच सांगितला आहे.

## ४. नवा बल्ब: फक्त पत्र्याला धरा

साध्या काचेने इतकी उष्णता सोसली नसती, म्हणून या बल्बला क्वार्ट्‌झची काच असते. तार जवळ, काच लहान, त्यामुळे बल्ब लागला की काच काही शे अंशांपर्यंत तापते. बोटावरच्या तेलाचा आणि घामातल्या मिठाचा ठसा काचेवर राहिला, तर त्या जागी तेल करपतं आणि तो ठिपका भोवतालच्या काचेपेक्षा जास्त तापतो. मिठातल्या सोडियममुळे तिथली काच हळूहळू पांढुरकी, ठिसूळ होत जाते. पुढे तिथे फुगवटा येतो किंवा बारीक चीर पडते.

हे सगळं लगेच होत नाही, आणि त्यामुळेच गैरसमज पसरतो. उघड्या हाताने बल्ब लावून देणारा मेकॅनिक म्हणतो, ‘दादा, काही होत नाही.’ त्याच्यासमोर खरंच काही होत नाही. बल्ब काही आठवड्यांनी, रात्री रस्त्यात जातो.

म्हणून पाकीट बुडाकडून उघडा, म्हणजे पिना आणि चकती आधी बाहेर येते. हातमोजे घालून चकतीला धरा. त्या हातमोज्यांनी आधी बॅटरी किंवा ग्रीसचा भाग हाताळला असेल तर ते बदला. तेलकट हातमोजा उघड्या बोटापेक्षा बरा नाही. हातमोजे नसतील तर पाकिटातला पुठ्ठा किंवा स्वच्छ टिश्यू धरून काम करता येतं.

बोट लागलंच तर बल्ब फेकायची गरज नाही. तो थंड असताना टिश्यूवर आयपीएचे चार-पाच थेंब घेऊन काच एकदा पुसा, मग नव्या टिश्यूने पुन्हा, आणि पाच मिनिटं पूर्ण वाळू द्या. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि तेच काचेवर राहतं. पेट्रोल आणि थिनरही नको. बल्ब एकदा पेटवल्यावर मग पुसून उपयोग नाही, ठसा तोवर भाजला गेलेला असतो.

बसवताना चकतीच्या कडेचे तीन कान पाहा. त्यांतला वरचा कान रुंद असतो आणि हेडलाइटच्या घरात त्याच्यासाठी तशीच रुंद खाच असते, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. हा हट्ट कारण असल्याशिवाय नाही: डिपरच्या तारेखालची ती पत्र्याची वाटी खालीच राहिली पाहिजे, तीच झोत वर जाण्यापासून अडवते. बल्ब तिरपा आत नेऊ नका, काच रिफ्लेक्टरच्या भोकाच्या कडेला घासते. सरळ आत ठेवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवून पाहा. फिरला तर कान खाचेत बसलेले नाहीत. फिरला नाही आणि चकती चहूबाजूंनी सपाट टेकली, तरच क्लिप लावा. क्लिप लावायला जोर लागत असेल तर थांबा. बल्ब चुकीचा बसला आहे.

## ५. बूट बसवणं: खरं काम इथे आहे

हेडलाइट पूर्ण बंद डबा नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. विझला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी घराला मागे छोट्या नळ्या किंवा जाळीची छिद्रं असतात. त्यांचं तोंड खाली वळवलेलं असतं, म्हणजे हवा आत-बाहेर होते पण पाणी चढत नाही. बुटाला कुठे फट राहिली तर हवा सोपी वाट धरते. पावसात चालवून गाडी उभी केली आणि लाइट बंद केला, की नेमक्या त्याच वेळी ओढ आतल्या दिशेने असते. चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखलाची वाफ त्या फटीतून आत जाते. उन्हाळ्यात त्याच वाटेने धूळ शिरते.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: पाणी शिरतं म्हणून सगळीकडे सिलिकॉन फासून ती छिद्रंही बंद करणं ही मोठी चूक आहे. मग आत गेलेली वाफ बाहेर पडतच नाही.

बसवण्याआधी बूट तपासा. दोन बोटांनी दुमडून पाहा. मऊ रबर लगेच पूर्ववत होतं. दुमडल्या जागी पांढरी रेघ किंवा बारीक भेगा दिसल्या तर बूट बदला, तो चिकटवून उपयोग नाही. बुटाच्या आतली कडा आणि घराच्या गळ्याभोवतीची खाच टिश्यूने कोरडी पुसा. खाचेतला मातीचा एक खडासुद्धा कडेला उचलून धरतो. ग्रीस, व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावून बूट सरकवू नका. पेट्रोलियमच्या तेलाने असं रबर फुगतं आणि सैल पडतं. थंडीत बूट ताठर वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा.

बुटाला दोन ठिकाणी घट्ट बसायचं असतं, आणि बहुतेक जण एकच पाहतात. आतलं ओठ बल्बच्या बुडाभोवती, पिनांच्या मुळाशी बसतं. बाहेरचं ओठ हेडलाइटच्या घराच्या गळ्यावर बसतं. क्रम असा ठेवा:

‘टॉप’ची बाजू वर धरा. बुटातल्या छिद्रातून तिन्ही पिना एकदम बाहेर येऊ द्या. मग मधल्या भागावर, पिनांच्या दोन्ही बाजूंना, दोन अंगठ्यांनी सरळ पुढे दाबा. आतलं ओठ बल्बच्या बुडावर चढलं की रबर जागी टेकल्याचं हाताला कळतं. त्यानंतर बाहेरची कडा वरून सुरू करून, बोट फिरवत, पूर्ण चक्कर मारून खाचेत बसवा.

आता खात्री. बाजूने पाहा: तिन्ही पिना सारख्याच बाहेर आल्या पाहिजेत. एखादी पिन आत दबलेली दिसत असेल तर त्या बाजूला मधलं ओठ दुमडलं आहे. असा बूट होल्डरला मागे ढकलत राहतो आणि काही दिवसांत होल्डर सैल होतो. कुणी मग होल्डरला टेप गुंडाळतो, पण दोष बुटाचा असतो. मग आरसा आणि टॉर्च घेऊन खालची बाजू पाहा. आपल्या डोळ्यांना वरची कडा दिसते, पाणी मात्र खालून येतं. खालची कडा दुमडलेली असणं ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक आहे. दिसत नसेल तर बोट कडेवरून पूर्ण गोल फिरवा. कुठे उंचवटा लागला तर तेवढंच दाबू नका, बूट काढून पुन्हा बसवा.

एलईडीचा पंखावाला बल्ब लावण्यासाठी बुटाला मधून कापलेलं तुमच्या गाडीत आढळलं, तर तो बूट हॅलोजनवर परत वापरू नका. कापलेली कडा दिसायला जुळते, पण हवेला अडवत नाही.

ज्या गाड्यांत रबरी बुटाऐवजी फिरकीचं प्लास्टिक झाकण असतं, तिथे झाकणाच्या खोबणीतली रबरी रिंग बाहेर लोंबलेली नाही ना हे पाहा, खुणा जुळवा आणि शेवटचा ‘टक’ आवाज येईपर्यंत फिरवा.

## ६. होल्डर लावा आणि भिंतीवर झोत पाहा

होल्डर सरळ दाबून शेवटपर्यंत बसवा. तो बुटाच्या मागच्या भागाला टेकला पाहिजे. डिपर, अप्पर दोन्ही लावून पाहा.

मग सपाट जागी, भिंतीपासून साधारण पाच मीटरवर गाडी उभी करून संध्याकाळी डिपर लावा. हेडलाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरच्या झोताची वरची रेघ उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे थोडी वर चढते. दोन्ही दिव्यांचा आकार आणि उंची सारखी हवी. नव्या बल्बचा झोत विस्कटलेला किंवा वर गेलेला असेल तर सेटिंगच्या स्क्रूला हात लावू नका. बल्बचा एखादा कान खाचेबाहेर आहे. चौथी पायरी पुन्हा करा.

## ७. पाण्याची परीक्षा

लाइट बंद आणि थंड असताना साध्या पाइपने, वरून, दोनतीन मिनिटं पाणी सोडा. वॉशिंग सेंटरचा दाबाचा झोत हेडलाइटच्या कडेवर आणि बोनेटच्या फटीत मारू नका. त्या दाबाला चांगला बसलेला बूटही हरतो. फडक्याने बाहेरून पुसा आणि डिपर पंधरा मिनिटं चालू ठेवा.

काचेच्या एका कोपऱ्यात पातळ धुकं आलं आणि दिवा चालू असताना विरून गेलं, तर ते चालतं. पावसाळ्याच्या दमट सकाळी चांगल्या हेडलाइटमध्येही ते दिसतं. ओघळ, टपोरे थेंब किंवा तळाला साचलेलं पाणी दिसलं तर मात्र पाणी कुठून आलं ते शोधावं लागेल. बूट काढून आतली कडा बोटाने तपासा. ती ओली किंवा चिखलाळ असेल तर पाणी मागून आलं, पाचवी पायरी पुन्हा करा. कडा कोरडी आहे आणि पाणी समोरच्या काचेच्या कडेशी आहे, तर काच आणि घर यांच्यातला जोड उकललेला असतो किंवा बारीक तडा असतो. तिथे बूट कितीही नीट बसवला तरी फरक पडणार नाही. आत साचलेलं पाणी वाळवायला बल्ब काढून, भोकावर विरळ सुती कापड बांधून, कडक उन्हात बोनेट उघडं ठेवून दोनतीन तास गाडी उभी करा. हेअर ड्रायरची गरम हवा जवळून मारली तर आतलं प्लास्टिक वाकू शकतं.